कट-ऑफ बदलला म्हणजे टेस्ट सुधारली का? आरओसी कर्व्ह वहीवर काढून बघू

नमस्कार मंडळी. शुगरच्या शिबिरावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "ताई, कट-ऑफ खाली आणा ना, म्हणजे एकही पेशंट सुटणार नाही." कट-ऑफ म्हणजे शुगर ज्या आकड्याच्या वर गेली की टेस्ट पॉझिटिव्ह धरायची, तो आकडा. दुसरीकडे एका काकांचं म्हणणं, "वर न्या, आमच्या सूनबाईला उगाच घाबरवलं." दोघांचंही म्हणणं रास्त आहे, आणि दोघांची भांडणं एकाच चित्रात दिसतात. त्याला आरओसी कर्व्ह म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून ते आलं आणि पुढे वैद्यकात रुळलं.

वही घ्या. समजा, आपल्या इंदुरात रामबागेत शिबिर भरलंय आणि १००० लोक आलेत. बोटाला टोचून, कधीही खाल्लेलं असताना, शुगर मोजली. नंतर सगळ्यांची पक्की तपासणी झाली, म्हणजे उपाशीपोटीची शुगर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी, आणि कळलं की १०० जणांना मधुमेह आहे, ९०० जणांना नाही. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या शिबिराचे नाहीत.

आता रेघ कुठे मारायची? १८० ला मारली तर १०० पैकी ४५ सापडतात आणि ९०० निरोगी लोकांपैकी फक्त १८ जण उगाच पकडले जातात. १४० ला आणली तर ७० सापडतात, पण ९० जणांना खोटा अलार्म. ११० ला आणली तर ९० सापडतात आणि खोटे अलार्म ३६०.

आलेख सोपा आहे. उभ्या अक्षावर आजारी लोकांपैकी किती टक्के सापडले, आडव्यावर निरोगी लोकांपैकी किती टक्के उगाच पकडले. १८० चा ठिपका २ आणि ४५ वर, १४० चा १० आणि ७० वर, ११० चा ४० आणि ९० वर. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघा, ठिपके जोडत उजव्या वरच्या कोपऱ्यात पोचा. झाला कर्व्ह.

आता जरा थांबा, कारण घोळ इथेच होतो. १८०, १४०, ११० हे आकडे कुठल्याच अक्षावर नाहीत. कट-ऑफ हा कर्व्हवरचा एक ठिपका आहे. तुम्ही तो खाली आणलात की त्याच कर्व्हवर उजवीकडे वर सरकता. कर्व्ह तोच राहतो.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. निरोगी लोकांच्या शुगरचा एक ढीग काढा, आजारी लोकांचा त्याच्या उजवीकडे दुसरा. दोन्ही ढीग मधे एकमेकांवर चढलेत, कारण १३० शुगर असलेला माणूस दोन्हीकडे सापडतो. त्या चढलेल्या भागातून तुम्ही रेघ कुठूनही ओढा, डावीकडे काही आजारी राहणारच आणि उजवीकडे काही निरोगी येणारच. रेघ सरकवून ढीग सरकत नाहीत.

आणि तिसऱ्या बाजूने, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: हिशेबाने. १४० वरून ११० वर आलात. २० आजारी जास्त सापडले, छान. पण खोटे अलार्म ९० वरून ३६० झाले, म्हणजे २७० जास्त. भागाकार करा. एक जास्तीचा पेशंट शोधायला साडेतेरा निरोगी माणसं घाबरवली. ही त्या पावलाची किंमत. कट-ऑफवर वाद घालायचा असेल तर ह्या किमतीवर घाला.

एका प्रेक्षकाने लिहिलं, "१० टक्के खोटे अलार्म म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी १० टक्के चुकीचे." नाही हो! हे वाचलं की मला राहवतच नाही. ते १० टक्के निरोगी लोकांचे आहेत, ९०० पैकी ९०. १४० ला एकूण पॉझिटिव्ह किती? ७० आणि ९०, म्हणजे १६०. त्यातले ९० चुकीचे, निम्म्याहून जास्त. कागदावर तीच टेस्ट, तोच ठिपका, फक्त तुम्ही कोणाला कोणाने भागलं ते बदललं. कोणी टक्केवारी सांगितली की आधी विचारा, कशाच्या टक्के?

आणि हा हिशेब कर्व्ह दाखवत नाही. आजारी किती आणि निरोगी किती, हे त्यात कुठेच नाही. तोच कर्व्ह घेऊन अशा दवाखान्यात जा जिथे १००० पैकी ५०० जणांना मधुमेह निघतो. १४० वरून ११० वर आल्यावर तिथे १०० जास्त सापडतील आणि १५० जास्त खोटे अलार्म येतील. एकामागे दीड. शिबिरात साडेतेरा, इथे दीड. म्हणून "पुस्तकात हा कट-ऑफ उत्तम लिहिलाय" एवढ्याने भागत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्याकडे झुकलेला ठिपका उत्तम मानणारी पद्धत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजारी लोकांपैकी किती सापडले, आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी लोकांपैकी किती बरोबर सुटले, ह्या दोन्हींना सारखंच वजन देते, समोर कोण बसलंय ते बघतच नाही.

एयूसीबद्दल, म्हणजे कर्व्हखालच्या क्षेत्रफळाबद्दल विचारलंत, तर पटकन सांगते. आपल्या ठिपक्यांखालचं क्षेत्रफळ साधारण ०.८६ भरतं. त्याचा अर्थ ८६ टक्के निदानं बरोबर, असा नाही. एक आजारी आणि एक निरोगी माणूस डोळे मिटून निवडा, शंभरात साधारण ८६ वेळा आजारी माणसाची शुगर जास्त निघेल, एवढंच.

मग कर्व्ह खरंच वर कसा जाईल? ढीग वेगळे करून. आपल्याकडे शिबिर सकाळी असतं, लोक पोहे-जलेबी खाऊन येतात. निरोगी माणसाचीही शुगर तेव्हा चढलेली असते, म्हणजे निरोगी ढीग उजवीकडे सरकून आजारी ढिगावर आणखी चढतो. आणि बोटाला जलेबीचा पाक राहिला असेल तर तो पट्टीवर जाऊन आकडा नुसता फुगतो. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून मग टोचा. शेवटचं कधी खाल्लं ते फॉर्मवर लिहून घ्या. ह्याने कर्व्ह सुधारतो, कट-ऑफ हलवून नाही.

छापील कर्व्ह फारच सुंदर दिसला, कोपऱ्याला चिकटलेला, तर "निरोगी" म्हणून कोणाला घेतलं ते तपासा. एका बाजूला वॉर्डातले जुने मधुमेही आणि दुसऱ्या बाजूला विशीतले विद्यार्थी असतील तर ढीग आपोआप लांब पडतात. शिबिरात येणारे पन्नाशीचे, पोट सुटलेले, शुगर अगदी काठावर असलेले लोक त्यात नसतात. तुमच्याकडे तो कर्व्ह खाली येणारच.

रामबागेच्या शिबिरासाठी मला विचाराल तर मी १४० घेईन. पुढच्या आठवड्यात १६० जणांना उपाशीपोटी बोलावून तपासणं जमण्यासारखं आहे, ११० घेतल्यावर येणाऱ्या ४५० जणांना नाही. आणि ११० ते १४० मधल्या ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्यांनाही बोलवीन. एका आकड्याला घराण्याची माहिती जोडली की ती वेगळी टेस्ट झाली आणि तिचा कर्व्ह नव्याने काढावा लागेल. तो पुढच्या व्हिडिओत काढू.