सोमवारी क्वांट, मंगळवारी रिझनिंग, बुधवारी इंग्लिश: अमळनेरचा एक आठवडा

(दृश्य: अभ्यासिका, सकाळ. भिंतीला चिकटवलेला वहीचा कागद.)

हा कागद अमळनेरच्या एका अभ्यासिकेतला आहे. यावर तासांचा हिशोब नाहीये, फक्त वार आणि विषय आहेत. सोमवार क्वांट, मंगळवार रिझनिंग, बुधवार इंग्लिश, गुरुवारी परत क्वांट, शुक्रवारी रिझनिंग, शनिवारी इंग्लिश आणि रविवारी मॉक. ज्या मुलीने तो लावलाय ती बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी करतेय, घरी कापसाची शेती आहे, गावाहून सकाळच्या एसटीने येते आणि संध्याकाळी परत जाते.

आधी परीक्षा काय मागते ते बघू, कारण हा कागद तिथूनच आलाय. क्लार्कच्या प्रिलिम्सला 100 प्रश्न आणि 60 मिनिटं. इंग्लिशचे 30, क्वांटचे 35, रिझनिंगचे 35. पण ही 60 मिनिटं तुमची नसतात, प्रत्येक सेक्शनला 20 मिनिटं बांधलेली, वेळ संपली की स्क्रीन आपोआप पुढच्या सेक्शनवर जाते आणि मागे येता येत नाही. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क जातो. आणि आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेत तिन्ही विषयांचा कट-ऑफ वेगळा लागतो, म्हणजे गणितात कितीही मार्क काढा, इंग्लिशमध्ये अडकलात तर तिथेच थांबलात.

आता आपल्याकडे काय होतं? मुलं गणितापासून सुरू करतात. पूर्ण एक महिना फक्त क्वांट, टक्केवारी झाली की नफा-तोटा, मग व्याज, मग काळ-काम-वेग, आणि म्हणतात क्वांट संपलं की रिझनिंग घेऊ आणि इंग्लिश शेवटी बघू. सिलॅबस पुढे सरकताना दिसतो म्हणून बरं वाटतं. पण रिझनिंगच्या महिन्यात क्वांटचा हात जातो, आणि शेवटी इंग्लिशच्या वाट्याला जेमतेम पंधरा दिवस येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना क्वांट आणि रिझनिंगचे प्रश्न मराठीत वाचायची सोय आहे, इंग्लिशच्या सेक्शनला ती नाही. ज्या विषयाला सगळ्यात जास्त दिवस लागतात तोच शेवटी येतो.

या मुलीचंही सुरुवातीला तसंच चाललं होतं. मग अभ्यासिकेत तिच्या बाजूला बसणाऱ्या एका दादाने, जो आता बँकेत लागलाय, तिला विषय आठवड्यात फिरवायला लावले.

(दृश्य: सकाळचे दोन तास. टेबलावर वही, मोबाईल उलटा ठेवलेला.)

सकाळी डोकं ताजं असतं ते दोन तास त्या वाराच्या विषयाला. नवीन काही शिकायचं असेल तर ते याच वेळेत. संध्याकाळी उरलेल्या दोन विषयांना वीस-वीस मिनिटं, घड्याळ लावून, एक छोटा सेट. म्हणजे तिन्ही विषय रोज हाताखालून जातात पण मोठी बैठक एकालाच मिळते. आणि यात एक नियम आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: संध्याकाळच्या सेटमध्ये नुकतंच शिकलेलं काही घ्यायचं नाही, निदान दोन-तीन दिवसांपूर्वीचं घ्यायचं.

का ते एका गणितातून बघा. सोमवारी तिने नफा-तोटा घेतलं. प्रश्न असा: एक वस्तू 500 रुपयांना घेतली, छापील किमतीवर 20 टक्के सूट देऊनही 12 टक्के नफा झाला, तर छापील किंमत किती? सोमवारी हे पटकन आलं, कारण त्या पानावरचे सगळे प्रश्न त्याच जातीचे होते, रीत आधीच माहीत होती, फक्त आकडे टाकायचे होते. गुरुवारी हाच प्रकार व्याज, सरासरी आणि गुणोत्तराच्या गणितांमध्ये मिसळून आला. आणि तिथे तिने 20 आणि 12 ची बेरीज करून 500 वर 32 टक्के लावले, उत्तर 660 आलं, ते पर्यायांत होतंही. पेपर काढणारे असेच पर्याय ठेवतात.

बरोबर रीत अशी की नफा खरेदीवर मोजायचा आणि सूट छापील किमतीवर. 500 वर 12 टक्के नफा म्हणजे विक्री 560. ही 560 म्हणजे छापील किमतीचे 80 टक्के. 560 ला 80 ने भागून 100 ने गुणलं की 700. पडताळा पण करून बघा, 700 चे 20 टक्के 140, उरले 560. सोमवारी आलेलं गणित गुरुवारी चुकलं याचा अर्थ ते सोमवारी पण नीट आलं नव्हतं, पानाने सांभाळून घेतलं होतं. मधले तीन दिवस नसते तर हे कळलंच नसतं, थेट परीक्षेत कळलं असतं.

म्हणून गुरुवारची पहिली वीस मिनिटं ती सोमवारचीच गणितं घेते, वही बंद ठेवून, फॉर्म्युला न बघता. जे येत नाही ते परत पुढच्या सोमवारी.

(दृश्य: मंगळवार. कागदावर गोल, त्याभोवती आठ खुणा.)

रिझनिंगचा वार वेगळा चालतो. इथे पाठ करायचं फार काही नसतं, पण हाताची सवय लागते आणि ती चार-पाच दिवसांत गंजते. गोल टेबलाभोवती आठ जण, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. अशा वेळी कुणाचीही उजवी बाजू घड्याळाच्या उलट दिशेने जाते, आणि तोंडं बाहेरच्या बाजूला असली की बरोब्बर उलटं होतं. हे प्रत्येकाला माहीत असतं. पण घाईत एक माणूस चुकीच्या खुर्चीत बसला की त्या सेटचे चार-पाच प्रश्न एकदम जातात, वर निगेटिव्ह वेगळं.

तिची पद्धत अशी की पझल हातात घेतलं की आधी पक्की माहिती मांडायची, म्हणजे 'अमुक तमुकच्या समोर आहे' अशी. जिथे दोन शक्यता निघतात तिथे दोन गोल काढायचे, एकातच खोडाखोड करायची नाही. आणि साडेतीन-चार मिनिटांत निम्मी माणसं बसली नाहीत तर सोडून द्यायचं. सोडून देणं पण सरावानेच येतं बरं का, घरी निवांत बसून पंधरा मिनिटांत पझल सोडवलं की छान वाटतं पण परीक्षेत 35 प्रश्नांना मिळून 20 मिनिटं आहेत.

इंग्लिशचा वार तिला सगळ्यात जड जातो. तिची आई सकाळी डबा भरताना तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखते, म्हणते, "आज इंग्रजी शे का वं?" त्या दिवशी ती एक उतारा घेते, एकच, आणि प्रश्न सोडवून झाले की तो परत सावकाश वाचते. प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या कुठल्या ओळीत आहे तिथे पेन्सिलने खूण करते. ओळ सापडली नाही म्हणजे उत्तर अंदाजाने दिलं होतं, मग ते बरोबर असलं तरी वहीत लिहायचं. शब्दांच्या लांबच लांब याद्या तिने सोडून दिल्या, उताऱ्यात आलेला शब्द त्याच वाक्यासकट लिहिते आणि एसटीत वाचते.

(दृश्य: रविवार. मॉकचा रिझल्ट स्क्रीनवर.)

आता तिचा एक मॉक उघडून बघू. इंग्लिशमध्ये 18 प्रश्न सोडवले, 11 बरोबर, 7 चूक. सात चुकांचे पावणेदोन मार्क गेले, हातात राहिले 9.25. क्वांटमध्ये 20 बरोबर, 2 चूक, म्हणजे 19.5. रिझनिंगमध्ये 28 बरोबर, 2 चूक, 27.5. एकूण 56.25. बेरीज बघून कुणीही म्हणेल चांगलं चाललंय. पण इंग्लिशचा आकडा बघा, 30 पैकी सव्वानऊ, धोका तिथे आहे आणि बेरीज तो लपवते.

मॉक जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ ती तो तपासायला देते. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक शेरा: आलंच नाही, येत होतं पण वेळ गेला, किंवा घाईत चुकलं. तिन्हीचा इलाज वेगळा आहे म्हणून शेरे वेगळे. आलं नाही ते सकाळच्या मोठ्या बैठकीत जातं. वेळ गेला ते संध्याकाळच्या घड्याळाच्या सेटमध्ये. घाईत चुकलं त्याला जास्त अभ्यास लागत नाही, प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवय लागते.

त्या इंग्लिशच्या 20 मिनिटांत निघालं काय? तिने उतारा आधी घेतला होता, त्यातच नऊ मिनिटं गेली, मग वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न तिने पटापट अंदाजाने मारले आणि सातपैकी चार चुका तिथल्याच होत्या. म्हणजे अडचण उताऱ्यापेक्षा क्रमात होती. मग दोन बदल केले. गाळलेल्या जागा आणि चुका शोधणं आधी, उतारा नंतर. आणि संध्याकाळी रिझनिंगचा सेट निम्मा करून ती दहा मिनिटं इंग्लिशच्या व्याकरणाला दिली. रिझनिंग पूर्ण बंद नाही केलं, हे लक्षात घ्या, पक्का विषय म्हणून सोडून देणारे महिनाभराने पझलमध्येच अडकतात.

काही आठवड्यांनंतरचा मॉक: इंग्लिशमध्ये 20 सोडवले, 16 बरोबर, 4 चूक, म्हणजे 15. क्वांट 20 बरोबर, 3 चूक, 19.25. रिझनिंग 27 बरोबर, 2 चूक, 26.5. एकूण 60.75. बेरीज साडेचारनेच वाढली, रिझनिंगचा एक मार्क कमी पण झाला. पण सव्वानऊचे पंधरा झाले, आणि जिथे अडकायची भीती होती ती जागा मोकळी झाली.

(दृश्य: शेत, कापसाची वेचणी.)

दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की मजूर मिळत नाहीत, घरच्या सगळ्यांना शेतात जावं लागतं, तिलाही. बहुतेकांचं वेळापत्रक इथेच मोडतं. बुधवार गेला की इंग्लिश गुरुवारी ढकलतात, मग क्वांट शुक्रवारी, आणि आठवड्याच्या शेवटी मॉकलाच जागा उरत नाही. तिने ठरवलंय की गेलेला वार गेला, तो ढकलायचा नाही. बुधवार शेतात गेला तर गुरुवारी क्वांटच, इंग्लिश आता शनिवारी. फक्त संध्याकाळचे वीस-वीस मिनिटांचे दोन सेट शक्यतो सोडायचे नाहीत, दमून आली तर एकच, आणि तो इंग्लिशचा.

प्रिलिम्सचे मार्क फायनल यादीत धरले जात नाहीत, ती फक्त मेन्सला जायची पायरी आहे. मेन्सला जनरल आणि फायनान्शियल अवेअरनेस जोडलं जातं. त्यासाठी तिने कागदात नवा वार काढलेला नाही, मंगळवार आणि शुक्रवारच्या संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बँकिंगच्या बातम्यांना दिलाय, आणि प्रिलिम्स झाली की दुसऱ्याच दिवशी तो कागद काढून चार विषयांचा लावायचा, हे आत्ताच ठरलंय.