बॉक्स उलटा करा आणि मग फोटो काढा

श्रोतेहो, नमस्कार.

सेट-टॉप बॉक्सचा रिमोट हरवला किंवा अ‍ॅडॅप्टर गेला की माणसं बॉक्सचा समोरून फोटो काढतात आणि दुकानदाराला पाठवतात. समोरच्या बाजूला असतं काय? कंपनीचं नाव, एक दिवा, फार तर दोन बटणं. एकाच कंपनीचे बॉक्स वर्षानुवर्षं बदलत आलेले असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळत नाही. बॉक्सची खरी ओळख त्याच्या पोटावर, म्हणजे तळाला चिकटवलेल्या कागदावर असते. मॉडेलचा नंबर तिथे, किती व्होल्ट लागतात ते तिथे, बनवणाऱ्याचं नावही बहुतेक वेळा तिथेच. म्हणून आधी बॉक्सचा प्लग काढा, बॉक्स उलटा करा आणि मग फोटो काढा.

देवरुखला माझी आत्या राहते. मृगाचा पहिला पाऊस जोरात आला, वीज कडाडली आणि तिच्या टीव्हीच्या बॉक्सचा दिवाच गेला. पूर्वी ढगांचा गडगडाट सुरू झाला की घरातलं कोणीतरी उठून अँटेनाची वायर आणि प्लग काढून ठेवायचं. ती सवय मोडली याचं मला फार वाईट वाटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ती पुन्हा लागायला हवी, आणि ते काम घरातल्या लहान मुलांना सोपवावं, ती विसरत नाहीत.

तर आत्याच्या शेजारचा मुलगा बाजारात गेला. दुकानदाराने विचारलं, किती व्होल्टचा? मुलगा म्हणाला, बाराचा. दुकानदाराने खणातून एक अ‍ॅडॅप्टर काढून दिला. तो लावला आणि दिवा लागला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, क्षणभर थांबलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. असं चालूच राहिलं. दुकानदार म्हणाला, बॉक्स संपला, नवीन घ्या.

आत्याने मला फोटो पाठवला तो समोरून, दिव्याच्या उजेडात. मी फोन केला. म्हटलं, "आत्या, छत्रीकडून येणारी जाड वायर आहे ना मागे, ती फिरवून काढ आणि मग बॉक्स चालू कर." ती म्हणाली, "अरे, वायर काढली तर चित्र कुठून येणार?" म्हटलं, "येऊ नये चित्र. तू फक्त बघ, बॉक्स बंद पडतो का." तिने वायर काढली. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली आणि तशीच राहिली. बॉक्स बंद पडला नाही. वायर लावली की पुन्हा चिन्ह येतंय, जातंय.

तिथेच उत्तर मिळालं. छत्रीच्या टोकाला सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो, त्याला वेगळी वीज नसते. त्याच जाड वायरीतून बॉक्सच त्याला वीज पुरवतो, कधी १३ व्होल्टने, कधी १८ व्होल्टने. म्हणजे अ‍ॅडॅप्टरला बॉक्सही चालवायचा आणि छत्रीवरचा एलएनबीही. कमी ताकदीचा अ‍ॅडॅप्टर एकट्या बॉक्सला कसाबसा पेलतो आणि एलएनबीचा भार आला की मान टाकतो. बॉक्स मेलेला नव्हता, उपाशी होता.

म्हटलं, "आता प्लग काढ, बॉक्स उलटा कर, ओटीवर उजेडात ने आणि फ्लॅश न लावता, जरा तिरका धरून फोटो काढ." चकचकीत कागदावर फ्लॅश पडला की नेमके आकडेच पांढरे होतात. फोटो आला. त्यावर स्वच्छ छापलं होतं, १२ व्होल्ट, दीड अ‍ॅम्पिअर. मग विचारलं, "दुकानातून आणलेल्या अ‍ॅडॅप्टरवर काय लिहिलंय?" आत्या वाचायला लागली, "शंभर ते दोनशे चाळीस." म्हटलं, "ते इनपुट झालं, भिंतीतली वीज. त्याखाली आउटपुट बघ." आउटपुट होतं १२ व्होल्ट, अर्धा अ‍ॅम्पिअर. व्होल्ट बरोबर, ताकद एक तृतीयांश.

मुलगा परत गेला आणि १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअरचा घेऊन आला. २ म्हणजे जास्त झाले का? नाही. बॉक्स लागेल तेवढेच अ‍ॅम्पिअर ओढतो. चित्र आलं, सगळे चॅनेल आले. पण वायर जरा हलली की बॉक्स बंद! कारण पिन. या गोल पिना बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्या, सारख्याच दिसतात, पण आतलं भोक कुठे २.१ मिलिमीटरचं असतं, कुठे २.५ चं. बॉक्सच्या खाचेत बारीक काडी होती आणि अ‍ॅडॅप्टरला मोठं भोक, म्हणून ती सैल बसत होती. उलट असतं तर पिन आत गेलीच नसती. २.१ ची पिन असलेला अ‍ॅडॅप्टर बदलून आणला आणि आत्याचा टीव्ही सुरू झाला. तोच बॉक्स आजही चालू आहे.

तेव्हा अ‍ॅडॅप्टर घेताना बॉक्सच्या तळाचा कागद आणि अ‍ॅडॅप्टरचं आउटपुट शेजारी ठेवून वाचा. व्होल्ट तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त. पुन्हा सांगतो, व्होल्ट तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त. व्होल्ट जास्त झाले तर बॉक्स जळू शकतो. आकड्यांजवळ एका गोलाच्या दोन बाजूंना अधिक आणि उणे अशी खूण असते, तीही दोन्हीकडे सारखी हवी. माझं तर स्पष्ट मत आहे की हे आकडे कंपन्यांनी मागे पिनेच्या खाचेजवळ ठळक छापायला हवेत. म्हाताऱ्या माणसांनी बॉक्स उलटा का करायचा?

आता रिमोट. नवीन आणण्याआधी जुना खरंच गेलाय का ते बघा. मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडद्यावर जांभळट चमकताना दिसतो. चमकला तर रिमोट जिवंत आहे. नाही चमकला तर आधी सेल बदला, सेलच्या पत्र्यांवरचा गंज खरवडा. बटणं गेली असतील तर पुष्कळदा दोष रिमोटवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा असतो. रिमोटला कव्हर घालू नका, त्यातून बटण जोर लावून दाबावं लागतं आणि आतलं रबर लवकर झिजतं.

नवीन घ्यायचाच असेल तर जुन्या रिमोटचा पुढून फोटो काढा आणि सेलचं झाकण उघडून आतूनही काढा. जुना हरवला असेल तर पुन्हा बॉक्सच्या तळाचाच कागद. केबलवाल्याच्या बॉक्सला हे जास्त लागू आहे. समोर केबल कंपनीचं नाव एकच असतं, पण आतला बॉक्स वेगवेगळ्या कारखान्यांचा, आणि एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही. रिमोटमध्ये बोलून चॅनेल लावायचं माइकचं बटण असेल तर तो बहुधा ब्लूटूथवर चालतो. तसा रिमोट आणल्यावर बॉक्सशी जोडून घ्यावा लागतो, आणि स्वस्तातल्या नकलेत माइक बहुधा चालत नाही.

त्या कागदावर बॉक्सचा किंवा कार्डाचा नंबरही असतो. अनोळखी माणसाला फोटो पाठवताना त्यावर बोट ठेवा, मॉडेल, व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर तेवढे दिसू द्या. रिमोट किंवा अ‍ॅडॅप्टर शोधायला दुकानदाराला तेवढंच लागतं.

नमस्कार.