खुणा पुसलेला अन्वस्त

(फोंडा येथे गणिताच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या आकृत्यांना ओल लागते आणि पेन्सिलीच्या बारीक खुणा आधी जातात, हे गोव्यात शिकवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. समजा, आपल्या हाती एक कागद आहे. त्यावर शाईने काढलेला अन्वस्त शाबूत आहे, पण नाभी, नियत रेषा, शिरोबिंदू आणि अक्ष यांपैकी एकही खूण उरलेली नाही. प्रश्नात मात्र नाभीपासूनचे अंतर विचारले आहे. अशा वेळी बहुतेक जण वक्राचे 'टोक' डोळ्यांनी ठरवून मोकळे होतात. अन्वस्त कागदावर तिरका पडला असेल, तर हे टोक हमखास चुकते, कारण डोळा कागदाच्या कडेशी जुळवून पाहतो आणि वक्राला कागदाच्या कडेशी काही देणेघेणे नसते.

म्हणून सुरुवात शिरोबिंदूपासून न करता अक्षाच्या दिशेपासून करावी. वक्रावर कोणत्याही एका दिशेने दोन समांतर जीवा काढा आणि त्यांचे मध्यबिंदू जोडा. ती रेषा अक्षाला समांतर असते. आर्किमिडीजच्या काळातही ठाऊक असलेल्या या गुणधर्माची सिद्धता आज दोन ओळींत होते. y^2 = 4ax या वक्रावरील दोन बिंदूंची समीकरणे वजा केली की जीवेचा चढ 4a/(y1 + y2) एवढा येतो. समांतर जीवांचा चढ सारखाच, म्हणून y1 + y2 ही बेरीजही सारखी, आणि म्हणून सगळे मध्यबिंदू अक्षापासून एकाच अंतरावर. या दोन जीवा एकमेकींपासून शक्य तितक्या लांब घ्याव्यात; जवळच्या मध्यबिंदूंमधून रेषा नेली, तर अर्ध्या मिलिमीटरची चूकही दिशा बिघडवते.

आता या मध्यरेषेला काटकोनात असलेली एक जीवा काढा. तिचा लंबदुभाजक हाच अक्ष, आणि तो वक्राला जिथे छेदतो तो शिरोबिंदू. समजा ही जीवा 16 सेंटिमीटर भरली आणि शिरोबिंदूपासून तिचे अंतर 8 सेंटिमीटर आले. अर्धी जीवा 8; तेव्हा 64 = 4a × 8, म्हणजे a = 2. नाभी शिरोबिंदूपासून अक्षावर आत 2 सेंटिमीटरवर, आणि नियत रेषा तेवढ्याच अंतरावर बाहेर, अक्षाला लंब.

मोजपट्टी नसली तरी अडत नाही. शिरोबिंदूतून अशी रेषा काढा की अक्षाच्या दिशेने एक भाग गेल्यावर ती आडवी दोन भाग सरकेल; ती वक्राला पुन्हा जिथे छेदते, तिथून अक्षावर टाकलेल्या लंबाचा पाय म्हणजे नाभी, कारण y = 2x आणि y^2 = 4ax यांतून x = a हेच निघते. पडताळा अर्थात मूळ व्याख्येनेच घ्यावा. आपल्या वक्रावर (4.5, 6) हा बिंदू आहे; त्याचे नाभीपासून अंतर 6.5 आणि नियत रेषेपासूनही 4.5 + 2 = 6.5.

खरी पंचाईत होते ती कागदाचा शिरोबिंदूकडचा भागच फाटलेला असताना. एका बाजूचाच तुकडा हाती असेल, तर अक्षाला लंब असलेली जीवा मिळत नाही. तेव्हा मध्यरेषा वक्राला जिथे छेदते तो बिंदू घ्या. तिथली स्पर्शिका त्या जीवांना समांतर असते, म्हणून ती अंदाजाने काढावी लागत नाही. मध्यरेषा स्पर्शिकेशी जो कोन करते, तेवढाच कोन स्पर्शिकेच्या दुसऱ्या टोकाशी करणारी रेषा वक्राच्या आतल्या बाजूला काढली की ती नाभीतून जाते. वेगळ्या दिशेच्या जीवांची दुसरी जोडी घेऊन हेच करा. दोन्ही रेषा नाभीत मिळतील. मग एका बिंदूपासून नाभीपर्यंतचे अंतर त्याच्या मध्यरेषेवर वक्राबाहेर मोजा आणि तिथे मध्यरेषेला लंब काढा, की नियत रेषा मिळाली. नाभीतून तिच्यावर टाकलेल्या लंबाचा मध्य म्हणजे शिरोबिंदू, मग तो फाटलेल्या भागात का असेना.

दोन जोड्या घेण्याचा आणखी एक उपयोग आहे: दोन्ही मध्यरेषा एकमेकींना समांतर निघाल्या नाहीत, तर तो वक्र अन्वस्त नाही, किंवा रेखाटनच ढिले आहे. पण झेरॉक्समध्ये आकृती एकाच दिशेने दबली असेल, तर ही कसोटी गप्प बसते. कारण अशा दाबाने समांतर रेषा समांतर राहतात, मध्यबिंदू मध्यबिंदू राहतात आणि अन्वस्तही अन्वस्तच राहतो. बदलतात ते काटकोन आणि अंतरे. आपला y^2 = 8x हा वक्र अक्षाच्या आडव्या दिशेने 0.9 पट झाला, तर y^2 = 6.48x होतो आणि नाभी 2 ऐवजी 1.62 सेंटिमीटरवर सापडते. ती समोरच्या वक्राची खरी नाभी असते, हरवलेल्या आकृतीची नव्हे. दाब तिरका असेल, तर शिरोबिंदूही आपली जागा सोडतो. म्हणून त्याच पानावर एखादे वर्तुळ किंवा चौरस असेल, तर वक्राला हात लावण्याआधी त्याची लांबी-रुंदी मोजून घ्यावी.