कातडीसकट की कातडीविना?

(दृश्य: मांडीच्या तुकड्यावरून कातडी सोलताना हात, जवळून)

कोंबडीची कातडी आणि मांस यांच्यामध्ये एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. बोट त्याच्याखाली घातलं की कातडी सहज सुटते. आता तिची आतली बाजू पाहा. हा जो पिवळट, मऊ थर चिकटून आलाय, ती चरबी. कोंबडीच्या मांसाच्या धाग्यांमध्ये चरबी फारशी नसते. ती साठते ती इथे, कातडीच्या खाली, आणि मांडीच्या कडेला असलेल्या छोट्या गादीत. म्हणून कोंबडीची चरबी हाताने वेगळी करता येते.

(दृश्य: वजनकाटा)

चार मांड्यांची कातडी काट्यावर ठेवली आहे. नव्वद ग्रॅम. मांडीच्या कच्च्या कातडीत साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के चरबी असते, म्हणजे या ढिगाऱ्यात जवळपास 40 ग्रॅम. मोठ्या चमच्याने मोजायचं तर तीन चमचे तेल. मांडीच्या नुसत्या कच्च्या मांसात दर शंभर ग्रॅमला चारेक ग्रॅम चरबी असते. कातडीसकट तोच आकडा पंधरा-सोळावर जातो. छातीच्या मांसाचा आकडा मुळातच कमी, तरी तिथेही कातडीने तो अडीचवरून नऊपर्यंत चढतो.

या चरबीचा साधारण तिसरा हिस्सा संपृक्त असतो. कोलेस्टेरॉल सांभाळणाऱ्याने ते लक्षात ठेवावं.

(दृश्य: दोन पातेली शेजारी शेजारी)

दोन्ही पातेल्यांत मसाला तोच, तेल तेवढंच, वेळ तेवढाच. डावीकडे कातडीसकट तुकडे, उजवीकडे सोललेले. डावीकडचा तवंग पाहा, किती जाड आहे. फोडणीत घातलेलं तेल आहेच, वर कातडीतून सुटलेली चरबी आली.

आता तुकडा वर काढून पाहू. कातडी फिकट, ओली, सुरकुतलेली. रस्सा उकळतो तो साधारण शंभर अंशांवर, आणि पाणी आहे तोवर तापमान त्याच्या फार वर जात नाही. कातडी खरपूस व्हायला याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि ती कोरडी लागते. त्यामुळे रश्श्यात कातडी कितीही वेळ शिजवली तरी ती लिबलिबीतच राहते. तिच्यातला कोलॅजेन विरघळून रश्श्याला थोडा दाटपणा येतो, हे खरं. पण हाडासकट तुकडे घेतले तर हाडाच्या टोकांवरची कुर्चा आणि सांध्यांभोवतीच्या शिरा तेच काम करतात. त्यासाठी कातडी ठेवायची गरज नाही.

मसाल्याचं म्हणाल तर, कातडीखालची चरबी मध्ये आडवी येते. मीठ-हळद-आलं-लसूण वरून चोळलं की त्यातलं बरंचसं कातडीवरच राहतं, आणि पानात कातडी बाजूला काढली की मसालाही तिच्याबरोबर जातो. सोललेल्या तुकड्यात मीठ थेट मांसात उतरतं. म्हणून रश्श्यासाठी कातडी काढावी, असं मी ठामपणे म्हणेन.

पण ती फेकू नये. इथून पुढचं नीट पाहा, कारण याच कातडीत फोडणीचं तेल आहे.

(दृश्य: कातडीचे तुकडे, जाड बुडाचं पातेलं, मंद आच)

कातडीचे बोटभर रुंद तुकडे. थंड पातेल्यात घातले, वर पाव वाटी पाणी. आच मंद. हे पाणी चरबीला सुरुवातीला करपू देत नाही. पाणी उकळतंय तोवर पातेल्यात नुसतं बुडबुड्यांचं खदखदणं ऐकू येतं. चरबी सुटते, पाण्यात मिसळून ते पांढुरकं दिसतं. मग पाणी आटत जातं आणि आवाज बदलतो. ऐका. खदखद थांबली, बारीक चुरचुर सुरू झाली. द्रव स्वच्छ सोनेरी झाला, बुडबुडे लहान झाले, तुकडे आक्रसून निम्म्याहून लहान झाले. याला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. घाई करून आच वाढवली की तुकडे बाहेरून तपकिरी होतात, चरबी मात्र आतच अडकते, आणि सुटलेली चरबी गडद होऊन तिला कडवट वास येतो. तो वास आला तर ती रश्श्यात घालू नये.

कुरकुरीत तुकडे काढून घेतले. खाली उरली ती दोनेक मोठे चमचे चरबी. याच चरबीत कांदा परतायचा, आणि वेगळं तेल घालायचं नाही. कातडीसकट शिजवलेल्या रश्श्यात फोडणीचं तेल आणि कातडीची चरबी दोन्ही उतरतात; इथे फक्त एक आहे, आणि ती किती घ्यायची हे आपल्या हातात आहे. एकच चमचा हवा असेल तर एकच घ्यावा, उरलेली बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी. कांद्याला कोंबडीची चव सुरुवातीपासूनच लागते, जी नुसत्या तेलातून येत नाही.

(दृश्य: निखारे, जाळी, अचानक उसळलेली ज्वाळा)

निखाऱ्यावर मात्र हिशोब उलटा. इथे कातडी ठेवावी.

कातडीविना ठेवलेला हा तुकडा पाहा: कडा सुकून वळल्या, मांस जाळीला चिकटलं. त्याला वरून तेल लावत राहावं लागतं आणि लवकर उतरवावं लागतं. कातडीची चरबी शिजताना वितळून खाली गळते आणि मांसाचा पृष्ठभाग सुकू देत नाही. ती मांसात मुरते, असं अनेकांना वाटतं, पण तसं फारसं होत नाही. म्हणून कातडीसकट भाजून खाताना कातडी काढली, तरी मांस रसदार राहतं आणि चरबीही बरीच टळते.

धोका या ज्वाळेचा. वितळलेली चरबी निखाऱ्यावर पडली की ती पेटते, काजळी उडते आणि तुकड्याला चिकटते. त्या काळ्या थराची चव कडू असते. म्हणून निखारे जाळीखाली एकाच बाजूला लोटले आहेत. तुकडे आधी रिकाम्या बाजूला, कातडी वर करून, झाकण लावून. चरबी हळूहळू गळून जाते, खाली पेटायला निखारा नसतो. आतलं तापमान ऐंशीच्या आसपास आलं की तुकडे निखाऱ्यावर, कातडी खाली. दोन-तीन मिनिटं, समोर उभं राहून. ज्वाळा उठली तर पाणी मारू नये, राख उडते. तुकडा बाजूला सरकवावा.

कातडी जाळीला धरली तर ओढू नये, फाटते. रंग आला की ती आपणहून सुटते. कोंबडी 74 अंशांना खायला सुरक्षित होते, पण मांडी ऐंशीच्या वर गेली तर जास्त मऊ लागते.

कातडी खरपूस व्हायची तर ती आधी कोरडी हवी. मीठ लावून, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये. दह्याचा लेप कातडीवर दिला तर ती ओलीच राहते, म्हणून तो बोटांनी कातडीखाली, मांसावर पसरवावा. गोड काही लावायचं असेल तर शेवटच्या मिनिटाला, नाहीतर जळतं.

उतरवलेले तुकडे एकावर एक रचू नयेत, झाकूही नयेत. वाफ धरली की पाच मिनिटांत कातडी पुन्हा मऊ पडते. रस किंवा चटणी द्यायची असेल तर ती तुकड्याच्या खाली वाढावी.