अळिवाचे लाडू नेमके कुणासाठी?

(घरगुती खाद्यपदार्थांचे छोटे उद्योग चालवणाऱ्यांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. आज तुमच्यापुढे मी माझं एक जुनं पत्र उलगडणार आहे. पुण्यातल्या एका उद्योजिकेला मी ते लिहिलं होतं. त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र घ्यायचं नाही असं ठरलंय. आकडेही मी गोल केलेत, हिशेबाचा सांगाडा तेवढा खरा आहे.

बाईंनी बँकेतली नोकरी सोडून लाडवांचा उद्योग सुरू केला होता. सासूबाईंचा हात, यांचं व्यवस्थापन. वर्षभरात अकरा प्रकार झाले: अळीव, डिंक, मेथी, नाचणी, शेंगदाणा, मधुमेह्यांसाठी खजुराचे, जिमला जाणाऱ्यांसाठी प्रोटीनचे, असं करत करत अकरा. डब्यावर लिहिलं होतं, ‘लहानांपासून थोरांपर्यंत, सर्वांसाठी आरोग्यदायी लाडू.’ माल चांगला, लोक नावाजतात, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. त्यांना नवा लोगो हवा होता.

लोगोचं राहू द्या, आधी ऑर्डरींची वही दाखवा, असं मी म्हटलं. पत्राची सुरुवात तिथूनच आहे. वाचते.

‘तुम्ही महिन्याला चाळीस हजार जाहिरातींवर घालवता आणि साधारण ऐंशी नवी गिऱ्हाइकं मिळवता. म्हणजे एक गिऱ्हाईक पाचशे रुपयांना पडतं. त्याची पहिली ऑर्डर सरासरी साडेचारशेची. त्यातून सामान, डबे, कुरिअर वजा जाता तुमच्या हाती दीडशे राहतात. पहिल्या डब्यावर साडेतीनशेचा खड्डा पडला. तो भरायला त्याच माणसाने आणखी दोन-तीन वेळा यायला हवं. तुमच्या वहीत बहुतेक जण एकदाच आलेत. चव घेतली, छान म्हणाले, पुन्हा त्यांना आठवण झाली नाही. लाडू काही दुधासारखा रोजचा नव्हे.’

इथवर कुणीही हिशेबनीस सांगेल. वहीत मला एक वेगळी गोष्ट दिसली. वीसेक घरं अशी होती की पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने तीनदा मागवलं आणि मग एकदम गायब. बाईंनी त्यांच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘नाराज?’ त्यातल्या सहा घरांना मी फोन केले. नाराज कुणीच नव्हतं. सहाही घरांत बाळंतपण झालं होतं. सव्वा महिना पुरे झाला, लाडू थांबले, इतकंच.

म्हणजे ज्यांना त्या हातचं गेलेलं गिऱ्हाईक समजत होत्या, तेच त्यांचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक होतं. पत्रात पुढे लिहिलंय:

‘चाळीस दिवस रोज दोन लाडू म्हणजे ऐंशी लाडू. तीस रुपयांना एक धरला तर चोवीसशेची विक्री, आणि तुमच्याच प्रमाणाने त्यातले आठशे हाती. शिवाय या घरांनी भाव केला नाही, सवलतीचा कूपन मागितला नाही. सहापैकी चार घरांत तुमचं नाव जाहिरातीतून आलेलं नाही. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींनी सांगितलं होतं. माझा सल्ला असा: पुढचं वर्षभर फक्त बाळंतिणीच्या घरासाठी उद्योग करा. अळीव, डिंक, मेथी. बाकी आठ प्रकार बंद.’

आता या सल्ल्याचं कारण नुसतं पैशात नाही. पत्राचा सगळ्यात मोठा भाग अळिवावर आहे, आणि तो लिहिताना मला खरी मजा आली.

अळिवाचा लाडू सासूबाई कशा करायच्या? अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घालायचे. ते फुगून बुळबुळीत होतात. मग ओला नारळ, गूळ घालून मंद आचेवर मिश्रण आटवायचं, सुटसुटीत झालं की जायफळ लावून वळायचे. हा लाडू मऊ असतो, पण ओल्या नारळामुळे टिकत नाही. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, फार तर. उद्योग ‘सर्वांसाठी’ झाला तेव्हा दिल्ली-बंगळुरूच्याही ऑर्डरी यायला लागल्या. कुरिअरचे दिवस धरून लाडू तीन आठवडे टिकायला हवा. म्हणून ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं आलं, गुळाचा पाक जरा पक्का झाला. लाडू टिकला, पण कडक झाला. मी फोन केलेल्या एका आजी म्हणाल्या, ‘चव बरी आहे गं, पण शेवटचे आणले ते दाताला लागत होते. आम्ही दुधात कुस्करून दिले.’

बाईंनी कृती बदलली ती काही एका सकाळी ठरवून नव्हे. लांबच्या अनोळखी गिऱ्हाइकाने ती त्यांच्याकडून बदलून घेतली. त्याने एक डबा घेतला आणि तो परत आला नाही, पण त्याच्यासाठी बदललेला लाडू जवळच्या गिऱ्हाइकाच्या ताटात जाऊन पडला. पत्रात मी लिहिलं: ‘तुम्ही गिऱ्हाइकं वाढवलीत असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या प्रकारच्या गिऱ्हाइकाने तुमच्या स्वयंपाकघरात एकेक अट आणून ठेवली आहे. एकाला टिकाऊ हवा, एकाला बिनसाखरेचा, एकाला स्वस्त. या सगळ्या अटी पाळून जो लाडू उरतो, तो कुणाचाच आवडता नाही.’

बाळंतिणीपुरतं ठरवलं की गणित उलटं होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडपुरतंच द्यायचं. आठवड्यातून दोनदा ताजे करायचे, डिलिव्हरी स्कूटरवरून. ओला नारळ परत आणायचा. डिंकाच्या लाडवाला ही अडचण नाही, कारण तुपात फुलवलेला डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस यांत ओल नसते, तो महिनाभर राहतो. तेव्हा डिंकाचे लाडू आधी करून ठेवायचे आणि अळिवाचे ऑर्डरीप्रमाणे. अकरा प्रकारांच्या वेळी कच्च्या मालाची सतरा पोती-डबे घरात पडून असायचे, आता पाच-सहा जिन्नस. अळीव, खारीक दर्जा पाहून मोठ्या प्रमाणात घेता येतात.

डब्यावरच्या मजकुराबद्दल पत्रात एक ताकीद आहे, ती इथेही सांगते. बाईंना ‘दूध वाढवणारे लाडू’ असं ठळक छापायचं होतं. घरोघरी तसं म्हणतात हे खरं, पण छापील दावा म्हटला की त्याला शास्त्रीय आधार द्यावा लागतो. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत. त्यातून, बाळंतिणीच्या घराला ते सांगायची गरजच नाही, आजीला ते तुमच्याआधी माहीत असतं. ‘मधुमेह्यांसाठी’ या शब्दाने तर त्या आधीच काठावर उभ्या होत्या. सर्वांशी बोलायचं म्हटलं की मोठे दावे करावे लागतात. जाणकाराशी बोलताना ‘ओला नारळ, सेंद्रिय गूळ, केले तो वार’ एवढं पुरतं.

तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. बाईंनीही तो विचारला होता: ‘पण हे गिऱ्हाईक दोन महिन्यांत संपतं. एका घरात बाळंतपणं होऊन होऊन किती होणार?’ प्रश्न रास्त आहे. आणि ब्रँडच्या अभ्यासातही याला मोठा आधार आहे. अँड्र्यू एहरेनबर्ग आणि पुढे बायरन शार्प यांनी दाखवलं की बाजारातले मोठे ब्रँड मोठे असतात ते मुख्यतः जास्त लोक ते विकत घेतात म्हणून. लहान ब्रँडला गिऱ्हाइकंही कमी आणि त्यांची निष्ठाही थोडी कमीच, असा दुहेरी मार असतो. म्हणून शार्प यांचा सल्ला असतो की सगळ्या बाजारापर्यंत पोचा. माझं पत्र त्याच्या उलट वाटेल.

मला तो सल्ला साबण, टूथपेस्टला लागू वाटतो, जिथे प्रत्येक वाण्याच्या फळीवर तुमचा माल आधीच आहे आणि टीव्हीला पैसे आहेत. सर्वांपर्यंत पोचायचं तर सर्वांच्या हाताशी माल हवा. या बाईंकडे एक स्वयंपाकघर, चार बायका आणि एक स्कूटर होती. शिवाय मी दार बंद करायला सांगत नव्हते. कुणी आजोबांनी डिंकाचे मागितले तर द्यावेत की. जाहिरात, कृती, डब्याचं माप, हे मात्र एकाच घराचा विचार करून ठरवायचं. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं की या बाजारात दर महिन्याला नवं गिऱ्हाईक जन्माला येतं, अगदी शब्दशः. त्याच्यापर्यंत नेणारी माणसं मात्र तीच राहतात: मालीशवाल्या मावशी, प्रसूतिगृहातल्या परिचारिका, नुकतीच मोकळी झालेली मैत्रीण. निष्ठा मिळवायची ती यांची.

इथे एक चूक सहज होते. बाईंच्या यजमानांनी सुचवलं की डॉक्टरांना डब्यामागे कमिशन देऊ. मी स्पष्ट नको म्हटलं. डॉक्टरांनी असं कमिशन घेणं त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेतच बसत नाही, आणि ते बाहेर फुटलं की विश्वासावर चालणारा हा धंदा बसलाच म्हणून समजा. मावशींना लाडवांचा डबा दिवाळीला द्या, तो वेगळा.

सल्ला कुठे फसला हेही सांगते. तारीख चुकते. डॉक्टर एक तारीख देतात, बाळ आपल्या मर्जीने येतं. पहिल्या दोन महिन्यांत बाईंनी तारखेप्रमाणे अळीव भिजवले आणि बाळं आलीच नाहीत. मग पद्धत बदलली: ऑर्डर आधी नोंदवायची, थोडे पैसे आगाऊ, आणि ‘बाळ आलं’ असा फोन आला की अठ्ठेचाळीस तासांत पहिला डबा. मंदी ओळखायची खूणही सोपी ठेवली. नव्या ऑर्डरींत ‘कुणी सांगितलं?’ या रकान्यात मावशी किंवा मैत्रीण निम्म्याहून कमी दिसायला लागल्या, तर लाडवात काहीतरी बिघडलंय असं समजायचं आणि आधी सासूबाईंना चाखायला द्यायचं.

पत्र मिळाल्यावर बाईंचं उत्तर एका ओळीत आलं होतं: ‘मधुमेहाच्या लाडवांची चार हजार पाकिटं छापून झाली आहेत, त्यांचं काय करू?’ मी म्हटलं, रद्दीत. त्यांनी नाही टाकली. उलटी करून त्यात बाळंतविड्याची सुपारी, बडीशेप, ओवा भरून प्रत्येक डब्यात ठेवायला लागल्या.

आणि ऑर्डरीच्या फॉर्मवरून नंतर एक गोष्ट समजली, जी मला पत्र लिहिताना सुचली नव्हती. ‘फोन क्रमांक’ या रकान्यात गरोदर मुलीचा नंबर क्वचितच असायचा. नंबर तिच्या आईचा. पंचावन्न-साठीच्या बाई, चष्मा लावून फॉर्म भरणाऱ्या. मग इंग्रजी वेबसाइट बंद झाली आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत फोन नंबर आला. फोन सासूबाईच उचलतात. दहा मिनिटं बोलतात, मेथी किती घालता, तूप घरचं का. लोगोचा विषय पुन्हा निघालेला नाही.