जर्मन सारांश, इंग्रजी तक्ता आणि ‘ओ’वरची दोन टिंबं

[स्क्रीनवर जर्मन पीडीएफचं पहिलं पान. कर्सर सारांशावर थांबतो.]

हे जे दिसतंय ना, हा एका शोधनिबंधाचा सारांश आहे, जर्मनमधला. खरं म्हणजे सरावासाठी रचलेला, कुठल्या छापील निबंधातला नाही, पण जर्मन मेडिकल जर्नलमधे सारांश साधारण असाच असतो, चार छोटे परिच्छेद आणि प्रत्येकाला ठळक मथळा. पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्षाचे आकडे आणि शेवटी लेखकांना काय वाटतं ते. यातून या संशोधक विद्यार्थिनीला इंग्रजीत तीन मुद्दे काढायचेत आणि लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात एक ओळ भरायची आहे. एक ओळ. ऐकायला काहीच नाही वाटत.

पहिल्यांदा तिने काय केलं बघा, अनुवाद नाही केला. पान खाली नेलं आणि इंग्रजी सारांश दिलाय का ते बघितलं. बरीच जर्मन जर्नल्स लेखकांचाच इंग्रजी सारांश सोबत छापतात, आणि तो असेल तर आपला अनुवाद त्याच्याशी ताडून बघता येतो. इथे नाहीये. मग आता सगळं हिच्यावर.

[कागदावर प्रिंट. पेन्सिलीने वाक्यांखाली रेघा. क्लोजअप.]

हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश शूट केलाय कारण मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जर्मन वाक्यात बऱ्याचदा महत्त्वाचं क्रियापद एकदम शेवटी येतं. इंग्रजीची सवय असलेला माणूस मधेच वैतागतो, आपण नाही, कारण आपलं मराठीही तसंच चालतं, ‘आलं की नाही’ हे वाक्य संपेपर्यंत कळत नाहीच. म्हणून ती जर्मनवरून थेट इंग्रजीत उडी मारत नाही, आधी समासात पेन्सिलीने मराठी लिहिते, मग इंग्रजी. वेळ जास्त जातो, पण अर्थ हातातून सुटत नाही.

आता दुसऱ्या परिच्छेदातलं हे वाक्य. १.२४८ नर्सिंग कर्मचाऱ्यांना प्रश्नावली पाठवली, ६५३ जणांनी उत्तर दिलं, म्हणजे ५२,३ टक्के. जर्मनमधे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम, आपल्या नेमकं उलटं. तेच टिंब तसंच इंग्रजी तक्त्यात गेलं तर बाराशे अठ्ठेचाळीस माणसांची सव्वा माणसं होतात. इथे ती कॅल्क्युलेटर काढते, ६५३ भागिले १२४८, उत्तर ५२.३ टक्के. जुळलं. आकडा कळला नाही तर डिक्शनरी बघून उपयोग नाही, सारांशातले बाकीचे आकडे वापरून भागाकार करून बघायचा, खोटं लगेच उघडं पडतं.

त्याच परिच्छेदात अभ्यासाचं नाव आहे, क्वेरश्निटश्टुडिअ. म्हणजे क्रॉस-सेक्शनल स्टडी, एका वेळी सगळ्यांना एकदाच विचारलं आणि तेवढंच. कोणालाही काही दिलं नाही, कोणाची ड्युटी बदलली नाही, वर्षभर कोणाला फॉलो केलं नाही. या शब्दाला तिने दोनदा गोल केलाय बघा. पुढे कामाला येणार आहे.

[पेन्सिल तिसऱ्या परिच्छेदावर.]

तिसऱ्यात आकडे. नियमित नाइट ड्युटी असलेल्यांमधे झोपेच्या तक्रारी ४१,२ टक्के आणि नसलेल्यांमधे २७,८. जर्मनमधे दोन आकड्यांच्या मधे एक आखूड रूप आहे, बेत्सीउंग्सवाइझ या लांबलचक शब्दाचं. त्याचा अर्थ कधी ‘किंवा’ होतो कधी ‘अनुक्रमे’, आणि इथे अनुक्रमे आहे, पहिला आकडा पहिल्या गटाचा, दुसरा दुसऱ्याचा. ‘किंवा’ धरलं तर वाक्यच अर्थहीन होतं, त्यामुळे इथे चूक लगेच कळते.

पण पुढचं वाक्य तसं नाही, ते चुकलं तरी छान वाचलं जातं. नोकरीच्या एकूण वर्षांशी असलेल्या संबंधाबद्दल आहे ते, शेवट आहे ‘कोन्ट निश्ट नाखगेवीझन वेर्डन’. मराठीत जसंच्या तसं येतं, संबंध दाखवता आला नाही. दाखवता आला नाही. ‘संबंध नाही’ असं लेखक म्हणत नाहीयेत. नमुना लहान असेल, प्रश्न नीट विचारला नसेल, काहीही असेल, त्यांच्या हाती पुरावा लागला नाही एवढंच. इंग्रजीत ती लिहिते ‘वॉज नॉट डिमॉन्स्ट्रेटेड’. ‘देअर वॉज नो असोसिएशन’ लिहिणं सोपं होतं, तेच लिहिलेलं खूपदा दिसतं, आणि मला विचाराल तर रिव्ह्यूमधली निम्मी कुरकुर इथूनच सुरू होते.

[स्क्रीन परत. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून डॉक्युमेंटमधे पेस्ट. क्लोजअप.]

आता या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची वीस सेकंद. कागदावरचा अनुवाद टाइप करायला तिने सारांश पीडीएफमधून कॉपी केला. बघा, पेस्ट झाल्यावर अक्षरांवरची टिंबं गायब. काही पीडीएफमधे ‘ओ’ आणि त्यावरची टिंबं वेगवेगळी साठवलेली असतात, कॉपी करताना टिंबं सुटी होतात किंवा पडूनच जातात. स्पेलचेकने बऱ्याच शब्दांखाली लाल रेघ मारली, कारण टिंबाशिवाय ते जर्मन शब्दच नाहीत. पण शेवटच्या वाक्यातल्या या शब्दाखाली काही नाही.

```
könnten
konnten
```

वरचा पीडीएफमधला, खालचा पेस्ट झालेला. दोन्ही अस्सल जर्मन शब्द आहेत, म्हणून स्पेलचेक गप्प. आणि अर्थ मात्र पार वेगळा. वरचा म्हणतो, लागोपाठच्या नाइट ड्युट्या कमी केल्या तर ताण ‘कमी होऊ शकेल’. खालचा म्हणतो, कमी केल्या आणि ताण ‘कमी करता आला’. पहिली सूचना, दुसरा निष्कर्ष. इंग्रजीत एकाचं ‘माइट रिड्यूस’ होतं, दुसऱ्याचं ‘वेअर एबल टू रिड्यूस’.

गंमत अशी की सगळीकडे टिंबं परत टाकून चालत नाही. वरचं ‘दाखवता आला नाही’वालं वाक्य, त्यातला कोन्ट बिनटिंबाचाच बरोबर आहे, भूतकाळच हवाय तिथे. एकाच सारांशात एकाला टिंबं हवीत, एकाला नकोत. अशा तीन शब्दांच्या जोड्या डोक्यात ठेवल्या तरी बरंच काम होतं, ‘शकला’ आणि ‘शकेल’वालं कोन्ट, ‘केलं गेलं’ आणि ‘केलं जाईल’वालं वुर्ड, आणि ‘होतं’ आणि ‘असतं तर’वालं हाट. हे तीन शब्द कॉपीत दिसले की पीडीएफ मोठं करून डोळ्याने बघायचं, दुसरा उपाय नाही.

[खोलीत दोघी. स्क्रीनकडे बोट.]

गाइड मॅडम मागून बघत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे त्यांनी करून बघितलं, की नुसतं सुचवलं?”

ती म्हणाली, “मॅडम, क्रॉस-सेक्शनल आहे, त्यांनी ड्युट्या बदललेल्याच नाहीत. मग कमी करता आला असं ते म्हणूच शकत नाहीत.”

“मग जा वर, बघ शब्द.”

म्हणून तो गोल केलेला शब्द. टिंबं दिसो न दिसो, अभ्यासाच्या डिझाइनमधे जे शक्यच नाही ते निष्कर्षात आलं असेल तर अनुवादात कुठेतरी घोळ आहे, असं ओळखता येतं. जर्मन कच्चं असलं तरी हा तपास करता येतो, तो भाषेपेक्षा जास्त संशोधनाचा आहे.

[तक्ता. रिकामी ओळ. टायपिंग.]

आता तीन मुद्दे. तक्त्यात तीन मुख्य रकाने आहेत, कोणाचा अभ्यास आणि कसा, काय सापडलं, काय म्हणता येत नाही. पहिल्यात गेलं, क्रॉस-सेक्शनल लेखी सर्व्हे, १२४८ पैकी ६५३ नर्सिंग कर्मचारी, प्रतिसाद ५२.३ टक्के. इथे ६५३ हा खरा नमुना आहे, १२४८ नाही, घाईत मोठा आकडा उचलला जातो.

दुसऱ्यात, नियमित नाइट ड्युटीवाल्यांमधे झोपेच्या तक्रारी ४१.२ टक्के, इतरांमधे २७.८, आणि नोकरीच्या वर्षांशी संबंध दाखवता आला नाही. आकडे दशांश टिंबाने. ‘झोपेच्या तक्रारी’ हे ती लोकांनी सांगितलेल्या म्हणून लिहिते, ‘सेल्फ-रिपोर्टेड’, कारण मूळ क्रियापद ‘सांगितलं’ या अर्थाचं आहे, कोणाची झोप मशीनवर मोजलेली नाही. हा शब्द सारांशात वेगळा लिहिलेला नाही, क्रियापदातच बसलाय.

तिसऱ्यावर ती सगळ्यात जास्त थांबली, आणि आम्ही ते तसंच ठेवलंय, कट नाही केलं. नाइट ड्युटीमुळे झोप बिघडते असं हा अभ्यास म्हणू शकत नाही, एकदाच विचारल्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते कळत नाही, आणि निम्म्याच्या आसपास लोकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटचं ‘कमी होऊ शकेल’ हे वाक्य इथेच येतं, लेखकांची सूचना म्हणून, तपासलेलं नाही असं स्पष्ट लिहून. दुसऱ्या रकान्यात ते वाक्य जायचं नाही, कितीही आकर्षक वाटलं तरी.

ते तिथे गेलं असतं तर पुढे या तक्त्यावरून लिहिणारे सगळे न झालेला प्रयोग झाला म्हणून सांगत राहिले असते.

[ओळीच्या शेवटी अरुंद रकाना.]

आणि हा शेवटचा अरुंद रकाना, नोंदींचा. निबंधाचं नाव मूळ जर्मनमधेच राहतं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद पुढे चौकोनी कंसात, संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत असंच करतात. रकान्यांतल्या मजकुराचा अनुवाद स्वतः केलेला असल्यामुळे त्याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत, एपीए असा अनुवाद पॅराफ्रेज धरतं. त्याखाली तिने दोन वाक्यं टाकली, अनुवाद माझा, आणि फक्त सारांश वाचलाय, पूर्ण निबंध नाही. पूर्ण निबंध लायब्ररीतून मागवलाय, तो आला की दुसरं वाक्य ती काढेल, आणि सर्व्हेत झोपेबद्दल नेमका काय प्रश्न विचारला होता ते पहिल्या रकान्यात भरेल.