चार सेकंदांची जाग

[दृश्य: संध्याकाळ. उसाचा फड, बांधावर लोखंडी पाइप, पाइपावर एक प्लास्टिकचा डबा आणि वर वहीच्या पानापेक्षा लहान सोलर प्लेट.]

निफाड तालुक्यात, गोदाकाठी, ऊस उभा राहिला की बिबट्याही मुक्कामाला येतो. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवरची कुत्री. मादी तर फडातच पिल्लं घालते. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे मोटर सुरू करायला माणसाला अंधारातच विहिरीवर जावं लागतं. त्याच पायवाटेवर हा कॅमेरा बसवला आहे.

तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. समोरून उबदार शरीराची हालचाल झाली की पीआयआर सेन्सर त्याला उठवतो. पहिल्या दोन-तीन फ्रेम तो फेकून देतो, कारण उजेडाचा अंदाज यायला कॅमेऱ्याला तेवढा वेळ लागतो. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात एक फोटो. तो ९६ बाय ९६ ठिपक्यांचा करून डब्यातलं छोटं मॉडेल ठरवतं: बिबट्या, कुत्रा, माणूस की काहीच नाही. बिबट्या असेल तर लोरा रेडिओवरून घराकडे चार-पाच बाइटचा निरोप जातो आणि पडवीतला दिवा लागतो. फोटो कुठेही पाठवला जात नाही. चार सेकंदांत सगळं उरकून कॅमेरा पुन्हा झोपतो.

पहिला डबा आम्ही जूनमध्ये लावला. तीन आठवड्यांनी त्याचे निरोप थांबले.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते.]

```
Brownout detector was triggered
```

म्हणजे बॅटरी उतरली होती. कॅमेरा सुरू होताना विजेची एकदम ओढ लागायची, व्होल्टेज पडायचं, चिप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची, आणि या फेऱ्यांत उरलीसुरली वीजही संपायची. दोष पावसाळी आभाळाला द्यावा असंच कोणालाही वाटलं असतं. आम्हालाही वाटलं. पण मीटर लावल्यावर वेगळंच निघालं.

जागेपणी डबा सरासरी १५० मिलिअँप घेतो. चार सेकंदांचे होतात ६०० मिलिअँप-सेकंद, म्हणजे साधारण ०.१७ मिलिअँप-तास. दिवसाला शंभर वेळा उठला तरी सतरा. झोपेत मात्र तो सहा मिलिअँप ओढत होता. दिसायला क्षुल्लक आकडा, पण चोवीस तासांचे झाले १४४. जागेपणाच्या आठपटींहून जास्त वीज झोपेतच जात होती!

चिप स्वतः गाढ झोपेत दहा मायक्रोअँपच्या आसपास घेते. गळती होती ती तिच्या शेजारी: बोर्डावरचा रेग्युलेटर आणि कॅमेरा, दोघं रात्रभर जागेच. ढगाळ दिवसांत प्लेट जेमतेम साठ मिलिअँप-तास देत होती. खर्च १६०, जमा ६०. बॅटरीतल्या वापरता येणाऱ्या २,००० मिलिअँप-तासांना रोज शंभराची तूट, म्हणून जेमतेम तीन आठवडे.

उपाय एका मॉस्फेटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा. आता वीज सतत मिळते ती फक्त पीआयआरला आणि कमी खाणाऱ्या एका छोट्या रेग्युलेटरला. हालचाल झाली की पीआयआर मॉस्फेट चालू करतो, जागी झालेली चिप आपल्या एका पिनने तो धरून ठेवते आणि काम संपलं की स्वतःच सोडते. झोपेतला खर्च उतरला ०.१ मिलिअँपवर, दिवसाला अडीचहून कमी. आता आषाढातल्या आभाळाखालीही बॅटरी भरते.

दुसरा त्रास उन्हाचा. पीआयआर शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. दुपारी तापलेली पाती वाऱ्याने हलली की तो उगाच उठायचा. त्यामुळे डबा आता अंधार पडल्यावरच कामाला लागतो, आणि अंधार ओळखायला वेगळा सेन्सर लागत नाही. प्लेटचं व्होल्टेज पडलं की रात्र.

[दृश्य: पुरुषभर वाढलेल्या उसाचं एक पान प्लेटवर आडवं आलेलं.]

ऊसही वाढत राहतो. प्लेटमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका पानाची सावलीही सगळ्या प्लेटचा प्रवाह खाली आणते. दर पंधरा दिवसांनी पाती छाटावी लागतात, आणि पाइप उसापेक्षा उंचच घ्यावा लागतो.

मॉडेलची मर्यादाही सांगायला हवी. गवतातून अर्धवट दिसणारं मोठं कुत्रं आणि बिबट्या यांत इतक्या लहान चित्रात घोळ होतो. आम्ही मुद्दाम शंकेचा कौल बिबट्याकडे ठेवला आहे. कुत्र्यासाठी दिवा लागला तर माणूस दहा मिनिटं थांबतो, एवढंच.

पण दिवा लागलाच नाही तर? वाट मोकळी आहे की डबाच मेला आहे? या प्रश्नाने आम्हाला खूप छळलं. म्हणून डबा रोज अंधार पडताच एक निरोप पाठवतो: बॅटरीचं व्होल्टेज.

शेजारच्या वस्तीवरचे आबा रात्री निघण्याआधी पडवीतल्या छोट्या पडद्यापाशी थांबतात.

“तीन पॉइंट नऊ,” ते म्हणतात. “जागा हाय गडी.”

मग टॉर्च आणि काठी घेऊन विहिरीकडे चालू लागतात.